‘पैशाचं काय झालं?’ विचारणारा आणि आमचा पुराचा ग्रुप

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहणाऱ्यांना पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, आणि २०१९ ला अन् परत २०२१ ला पाणी ५५ च्या पण वर गेलेलं. त्यात आमच्या गल्लीत गणपतीची कामं नेमकी जुलै-ऑगस्टलाच भरात असतात, अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती घरभर, त्यामुळं पाणी येणार का आणि कधी येणार हे दोन तास आधी कळलं काय आणि नंतर कळलं काय, फरक लाखातला पडतो. म्हणून २०१९ नंतर आम्ही पोरांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, बंधाऱ्याची पातळी टाकायची, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते टाकायचं (एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे आमच्याकडं आता शाळेतली पोरंपण सांगतात), आणि टेंपो, दोर, माणसं कुणाला लागली तर जुळवून द्यायची. मी त्याच्या ॲडमिनांपैकी एक.

२०१९ ला तालमीतर्फे गल्लीसाठी वर्गणी काढलेली, बाहेरगावच्या लोकांनीपण पैसे पाठवलेले. त्याचा हिशोब तेव्हाच तालमीच्या फळ्यावर लावला होता. पुढं बऱ्याच वर्षांनी एका जूनमध्ये ग्रुपवर एक नवीन नंबर आला, डीपीला गुलाबाचं फूल, नाव म्हणून नुसतं एक इंग्रजी अक्षर. आल्या आल्या पहिला मेसेज, ‘२०१९ च्या पैशाचं काय झालं?’

प्रश्न काही वाईट नाही. लोकांचे पैसे होते, लोकांनी विचारायलाच पाहिजे. म्हणून मी त्याच संध्याकाळी तालमीतली वही काढून जमा, खर्च, शिल्लक, शिल्लक कुठं ठेवली असं सगळं एका पानावर लिहून फोटो टाकला, आणि खाली लिहिलं की पावत्या तालमीत आहेत, रविवारी सकाळी कुणीपण येऊन बघा. दहा-बारा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातळी टाकली, २१ फूट की काहीतरी, आणि त्याच्या खाली परत तेच, ‘पातळी ठीक आहे, पण २०१९ च्या पैशाचं काय झालं?’ आता मला वाटलं फोटो बघितला नसेल, म्हणून फोटोकडं बोट दाखवलं. तर म्हणे ‘ते बघितलं. पण पैशाचं काय झालं?’

इथं मी एक गोष्ट केली ती मला अजून बरोबर वाटते. त्याला खाजगीत मेसेज केला, नमस्कार, यातली कुठली रक्कम तुम्हाला खटकती ते सांगा, तेवढी पावती मी आत्ता फोटो काढून पाठवतो. ज्याला खरंच शंका आहे तो लगेच सांगतो, दोराला इतके कसे लागले, किंवा अमक्याचं नाव जमेच्या यादीत का नाही. त्याचा प्रश्न बारीक होत जातो. याचं उत्तर आलं, ‘ग्रुपवरच सांगा की, घाबरताय कशाला.’ म्हणजे पावती नकोच होती, गर्दी पाहिजे होती. उत्तर मिळाल्यावर प्रश्न बदलतो का तसाच राहतो आणि खाजगीत बोलायला माणूस तयार आहे का, एवढ्या दोनच गोष्टींवर मी तेव्हा ठरवलं आणि अजूनपण त्यावरच ठरवतो. भाषा बघून काही कळत नाही, हा माणूस कायम आदरानंच लिहायचा, ‘कृपया’ शिवाय वाक्य नाही. उलट खरा चिडलेला माणूस शिव्या घालतो आणि उत्तर मिळालं की गप होतो.

पुढचा आठवडा नुसता तमाशा. पातळीची पोस्ट पडली की खाली त्याचं वाक्य, मग गल्लीतला कुणीतरी ‘ओ साहेब, हिशोब दिलाय की’, मग तो ‘मग सांगा की काय झालं’, मग दुसरा भडकून ‘तू कोण रे, कुठला हायस, समोर ये’, मग तिसरा हसायचे इमोजी, मग चौथा ज्याला काहीच माहिती नाही तो ‘खरंच काय झालं पैशाचं?’. एका रात्री तर असं झालं की या भांडणाच्या मधोमध गल्लीतल्या एका काकींनी विचारलेलं, ‘पोरांनो, मूर्ती आज हलवू का उद्या? टेंपो आत्ता मिळतोय.’ त्याच्यावर साठेक मेसेज साचले आणि त्यांना उत्तर मिळालं ते सकाळी. पाणी त्या दिवशी आलं नाही हे नशीब. पण तेव्हा आमच्या डोक्यात आलं की या माणसाचं उत्तर हा प्रश्नच नाही, काकींचं उत्तर दबलं हा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार ॲडमिन चहाच्या गाड्यावर बसलो. एकजण म्हणला काढून टाका, विषय संपला, उगं ॲडमिनला पोलिस उचलतील. ती भीती बऱ्याच जणांना असते, पण मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला नुसतं ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असलं तर गोष्ट वेगळी. तो मुद्दा बाजूला राहिला. काढण्याबद्दल माझं म्हणणं वेगळं होतं. व्हॉट्सॲपवर कुणाला काढलं की अमक्यानं तमक्याला काढलं अशी ओळ सगळ्यांना दिसते. मेसेज डिलीट केला तर तिथं ‘हा मेसेज ॲडमिननं डिलीट केला’ असं नावानिशी राहतं. पैशाचा प्रश्न विचारणाऱ्याला काढलं, हा स्क्रीनशॉट शहरातल्या दहा ग्रुपवर फिरला असता आणि तोवर ज्यांना प्रश्न पडला नव्हता त्यांनापण पडला असता. म्हणजे आम्ही त्याला आयतं जेवण वाढलं असतं.

मग खाणं म्हणजे नक्की काय, त्याची आम्ही यादी करायला घेतली आणि ती वाढतच गेली. उत्तर हे खाणं आहे ते दिसतंच. पण हसायचा इमोजी पण खाणं आहे, टोमणा पण, ‘आलं परत येडं’ पण. आम्ही आपापसात त्याला गुलाबवाला म्हणायचो आणि त्यावर विनोद करायचो, ते विनोद ग्रुपवर सांडायला लागलेले, तेपण. आणि सगळ्यात मोठं, जे मी दुसऱ्या दिवशी करणारच होतो, म्हणजे ग्रुपवर जाहीर करायचं की ‘कृपया अमुक माणसाला कुणी उत्तर देऊ नका’. ही तर त्याची जाहिरातच झाली. ज्यानं त्याचे मेसेज वाचले नव्हते तो मागं जाऊन शोधून वाचणार.

ठरलं ते असं. हिशोबाचा फोटो आणि चार ओळींचं उत्तर एका मेसेजमध्ये नव्यानं टाकायचं, कुणाचंही नाव न घेता, आणि ते पिन करायचं. पिनला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय येतात, आम्ही ३० ठेवलं. उत्तर लिहिताना ते त्याच्यासाठी लिहायचंच नाही, नव्यानं आलेला आणि पहिल्यांदाच विचारणारा माणूस समोर आहे असं धरून लिहायचं, म्हणून त्यात ‘काही लोक मुद्दाम’ वगैरे एक शब्द नाही, किती जमले, कशाला गेले, पावत्या कुठं बघायला मिळतील, बास. त्यानंतर त्याच्या त्या वाक्याला ग्रुपवर शून्य. उत्तर नाही, इमोजी नाही, डिलीट नाही. आणि पातळीची वेळ बदलायची नाही. सुरुवातीला आमचा एकजण त्याचा मेसेज पडला की तो वर ढकलायला पटकन दुसरं काहीतरी टाकायचा, तेपण बंद केलं, कारण ‘मी लिहिलं की हे पळतात’ हे त्याला कळायचंच.

लोकांना कसं सांगायचं हा खरा कष्टाचा भाग होता. ग्रुपवर पाचेकशे माणसं, पण बघायला गेलं तर त्याला तोंड लागणारे फक्त सहा-सात, तेच तेच. त्यांना एकेकाला फोन केले. एक दाजी आहेत, तालमीचे जुने, हिशोब त्यांच्याच हातचा, त्यामुळं त्यांना ते वाक्य अंगाला झोंबायचं. मी म्हणलं दाजी, तुमच्यावर कुणाचा संशय नाही, वही टाकलीय, लोकांनी बघितलीय. ते म्हणले, ‘आरं पण गप बसलं की लोकास्नी वाटतंय खाल्लंच म्हणून.’ यावर माझ्याकडं एकच उत्तर होतं की उत्तर वर टांगलेलंय, दिवसरात्र दिसतंय, मग आपण गप कुठं बसलोय? पटलं असं नाही, पण ‘बघतो’ म्हणले, आणि दाजींनी बघतो म्हणलं की बघतात.

आता पुढचं जे झालं ते आधी माहिती नसलं तर माणूस हात टेकतो. गप बसल्यावर तो कमी झाला नाही, वाढला. आधी दिवसाला एक-दोनदा विचारायचा, आता रात्री अकराला, पहाटे, पातळीच्या प्रत्येक पोस्टखाली. मग ॲडमिनना टॅग करून. मग व्हॉइस नोट, त्यात नुसतं तेच वाक्य हळू आवाजात, ऐकायला जरा भयाणच. मग ‘मौन म्हणजे कबुली’. मग प्रश्नाला नवीन शेपूट, ‘आया-बहिणींनी दिलेल्या पैशाचं काय झालं?’. मानसशास्त्रात याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, म्हणजे ज्या गोष्टीला आजवर काहीतरी मिळत होतं ते मिळायचं बंद झालं की ती गोष्ट आधी उसळी मारते आणि मग खाली येते. माझी बहीण शिक्षिका आहे, तिनं मला हे सांगितलं, लहान मुलांच्या हट्टाला बघत असते ती. म्हणली वाढलं म्हणजे तुमचं चुकतंय असं नाही, उलट त्याला कळलंय की मिळायचं बंद झालंय. पण याच टप्प्यावर मोडलात तर त्याला एवढंच कळेल की अजून जोर लावला की मिळतं, आणि पुढच्या वेळी तो तिथनंच सुरू करेल.

आणि आम्ही मोडलो. म्हणजे ग्रुप मोडला. बरेच दिवस शांत गेलेले, तो पण आटलेला, दोन-तीन दिवसांतनं एकदा, आणि एका रविवारी नुकताच ग्रुपमध्ये आलेल्या एका पोरानं, ज्याला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, लिहिलं ‘भावा तुझी रेकॉर्ड अडकलीय काय’. बास. त्या एका ओळीवर त्या दिवशी पंधरा मेसेज आले त्याचे आणि पुढचे आठ-दहा दिवस परत जुनंच. बहीण म्हणली हे तर रोज उत्तर देण्यापेक्षा वाईट. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केलेले, दर वेळी चोच मारल्यावर दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर सोडून देतं, पण ज्याला कधी मिळतो कधी नाही आणि कधी मिळेल ते सांगता येत नाही ते चोच मारतच राहतं, कितीतरी जास्त वेळ. गंगावेशीत दूधकट्ट्यावर मांजर बसलेली असते बघा, तिला रोज थोडंच मिळतं, पण एखाद्या दिवशी सांडतं म्हणून ती रोज येते. पाचेकशे माणसांच्या ग्रुपात कुणीतरी सांडणारच, हे धरूनच चालायला लागतं.

त्या पोराला मी रागावलो नाही, त्याचा काही दोषच नव्हता. त्यानंतर एवढं केलं की ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की त्याला खाजगीत एक ठरलेला मेसेज जातो, ग्रुप कशासाठी आहे, पातळी कधी पडते, मदतीचा फोन कुणाला करायचा, २०१९ चा हिशोब पिनमध्ये आहे. त्या माणसाचं नाव नाही, पण पुढं तो प्रश्न दिसला तर नवीन माणसाला उत्तर आधीच माहिती असतं, आणि उत्तर माहिती असलं की उत्सुकता निम्मी होते.

या सगळ्यात एक धोका होता तो सांगतो. आम्ही पैशाचा कुठलाही प्रश्न दिसला की दुर्लक्ष करायला लागू, हा. आणि तसं झालंच असतं. एक निवृत्त मास्तर आहेत गल्लीतले, त्यांनी मधेच विचारलं की २०१९ ची शिल्लक बँकेत ठेवली म्हणता, मग त्याचं व्याज कुठल्या खात्यात धरलं? आमच्यातल्या दोघांनी लगेच मला मेसेज केला, ‘हापण त्याच्यातलाच काय?’ अरे नाही, हा प्रश्न वहीच्या आत शिरून विचारलेला आहे, तो वरवर ओरडणाऱ्याचा नसतो. मास्तरांना ग्रुपवरच सगळ्यांसमोर नीट उत्तर दिलं, व्याज त्याच खात्यात धरलंय, पासबुकाच्या पानाचा फोटो खाते नंबर झाकून टाकला, आणि पिनमधल्या मेसेजमध्ये ती ओळ वाढवली. त्याच्याच खाली त्या दुसऱ्यानं लगेच आपलं वाक्य टाकलं, ‘मग पैशाचं काय झालं?’. मास्तरांना उत्तर, त्याला शून्य, शेजारी शेजारी. माझ्या मते त्या दिवशी ग्रुपवरच्या बऱ्याच लोकांना न सांगता फरक कळला.

एक मात्र आधीच ठरवून ठेवलेलं की गप बसायचं ते फक्त त्या प्रश्नापुरतं. कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता टाकला, बाईमाणसाबद्दल काही लिहिलं, धमकी दिली, किंवा धरणाबद्दल खोटी बातमी टाकली तर थांबायचं नाही, आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट, मग काढायचं, आणि वाटलं तर तक्रार. त्यातली धरणाची गोष्ट झालीच, पण ती त्यानं नाही, दुसऱ्याच एकानं फॉरवर्ड केलेली, राधानगरीला काहीतरी झालंय, पळा म्हणून. ते लगेच काढलं, आणि आमच्याकडनं जो मेसेज गेला त्यात ती अफवा परत लिहिलीच नाही, कारण ‘धरण फुटलेलं नाही’ असं लिहिलं की घाईत वाचणाऱ्याला ‘फुटलं’ एवढंच दिसतं. नुसतं लिहिलं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडलेत, धरण भरलं की असंच होतं, बंधाऱ्यावर आत्ता इतकी पातळी, शंका असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. ज्यानं फॉरवर्ड केलेलं तो गल्लीतलाच, घाबरलेला, त्याला फोन करून सांगितलं आणि विषय मिटला.

आणखी एक बदल केला, जो त्याच्यामुळं सुचला पण त्याच्यासाठी केला नाही असं दिसणं गरजेचं होतं. बंधारा ३९ फुटांवर आला की ग्रुप फक्त ॲडमिन लिहू शकतील असा करायचा आणि पाणी खाली गेलं की परत खुला. नियम पाण्याला बांधला, माणसाला नाही, आणि तो जूनमध्येच, पाणी कमी असताना, सांगून ठेवला. त्यामुळं जुलैत ग्रुप बंद झाला तेव्हा ‘माझ्या प्रश्नाला घाबरले’ असं म्हणायला त्याला वाव राहिला नाही. पण याची किंमत आहे. त्या दिवसांत काकींसारख्यांना ग्रुपवर विचारता येत नाही, म्हणून दोन फोन नंबर सतत सुरू ठेवायला लागतात, आणि रात्री तीनला टेंपोसाठी उठायला लागतं, आणि ज्यांना फोन करायचा संकोच वाटतो ते गप बसतात. यावर चांगला तोडगा अजून सापडलेला नाही. एकानं सुचवलेलं चर्चेचा वेगळा ग्रुप काढू, काढलापण, तिथं आता क्रिकेट चालतं.

तर तो माणूस. गेला नाही, अजून ग्रुपवर आहे. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग पुढच्या पावसाळ्यात एखाद-दुसऱ्यांदा ते वाक्य आलं, तेपण जरा अंग चोरून. कोण होता ते आजपण माहिती नाही आणि आम्ही शोधलंपण नाही, आमच्यातला एकजण नंबरावरनं शोधून काढतो म्हणत होता, त्याला म्हणलं शोधलास की उद्या तूच त्याला खाणं नेऊन देशील. मग एका सकाळी त्यानं पातळीच्या पोस्टखाली लिहिलं, ‘आज उतरतंय का चढतंय?’. आमच्या ॲडमिन ग्रुपवर लगेच गडबड, एकाला उत्तराच्या जागी ‘पैशाचं काय झालं?’ असं लिहायचं होतं, हात शिवशिवत होते बिचाऱ्याचे. मी साधं लिहिलं, उतरतंय, काल रात्रीपेक्षा कमी आहे, संध्याकाळी परत टाकतो. मुद्दाम लगेच लिहिलं, इतर कुणाला लिहितो तसंच, कारण त्या एका वाक्याला काही मिळत नाही आणि कामाच्या प्रश्नाला मिळतं, हे त्याला दिसायचं असेल तर दोन्ही बाजूनं दिसायला पाहिजे. त्यानं अंगठा दिला. त्यानंतर अधूनमधून पातळी विचारतो.

पिन मात्र ३० दिवसांनी आपोआप निघतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून माझ्या फोनमध्ये दर महिन्याचं रिमाइंडर लावलेलं आहे, पावसाळ्यात आणि गणपतीपर्यंत परत पिन करतो, मास्तरांमुळं वाढवलेल्या ओळीसकट.